हा बटवा आहे की हँडबॅग?

खणाच्या पर्स शिवून ऑनलाइन विकणाऱ्या बाईला स्वतःच्या पर्सबद्दल सगळं ठाऊक असतं. खण कुठून आणला, आतलं अस्तर सुती आहे, चेन दणकट आहे, आत मोबाइल मावतो पण जेवणाचा डबा मावत नाही. त्यामुळे ती आपण काढलेला फोटो बघते तेव्हा यातलं सगळं तिला फोटोतच दिसतं. गिऱ्हाइकाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यापुढे असतो तो नुसता फोटो, आणि तोही फोनच्या पडद्यावर, दुसऱ्या वीस पर्सच्या गर्दीत.

दुकानात ही अडचण येत नाही. तिथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, उलटीपालटी करतं, चेन ओढून बघतं, अस्तराला बोट लावतं. ऑनलाइन विक्रीत हे सगळं फोटोलाच करावं लागतं, आणि तो ते करतोय की नाही हे विकणारीला कळत नाही. घरच्यांना विचारून फायदा नसतो. त्यांनी ती पर्स शिलाई मशीनवर असल्यापासून पाहिलेली असते.

म्हणून हल्ली बरेच छोटे विक्रेते फोटो आधी एखाद्या एआय मॉडेलला दाखवतात. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारखी मॉडेलं फोटो घेतात आणि त्यात काय आहे ते शब्दांत सांगतात. विक्रेता फोटो टाकतो आणि विचारतो, "कसा वाटतो?" उत्तर येतं की फोटो फारच सुंदर आहे, रंग खुलून दिसतात, थोडा उजेड वाढवला तर आणखी छान होईल. हे उत्तर कोणत्याही फोटोला चालतं, म्हणून ते कोणत्याच फोटोच्या कामाचं नाही.

असं उत्तर येण्याचं कारण आहे. ही मॉडेलं घडवताना त्यांच्या उत्तरांना माणसं पसंती देतात, आणि माणसांना गोड उत्तर आवडतं. 2025 च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतल्या जीपीटी-4ओ या मॉडेलचा एक नवा अवतार काही दिवसांत मागे घ्यावा लागला. तो वापरणाऱ्यांची हद्दीबाहेर स्तुती करत होता, हे कंपनीनेच मान्य केलं. तेव्हापासून या बाबतीत सुधारणा झाल्या, पण "कसा वाटतो" असं विचारणाऱ्याला दुखवायचं नाही हा कल पूर्ण गेलेला नाही.

मॉडेलकडून खरं काम करून घ्यायचं तर प्रश्न बदलावा लागतो. फोटो चांगला की वाईट, हे त्याला विचारायचंच नाही. फोटोत काय आहे, हे काहीही न सांगता त्याच्याकडून वदवून घ्यायचं. ते जिथे चुकतं किंवा गप्प बसतं, तिथे फोटोनेही काही सांगायचं ठेवलेलं असण्याची शक्यता असते. पुढची सगळी यादी या एका गोष्टीसाठी आहे.

मॉडेलला फोटो दिसतो म्हणजे काय

यादीआधी थोडं यंत्राबद्दल, कारण बऱ्याच सूचनांचं कारण इथे सापडतं. 2020 साली गूगलच्या संशोधकांनी फोटो वाचण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात चित्राचे छोटे चौकोनी तुकडे पाडतात आणि वाक्यातले शब्द वाचावेत तसे ते एकमेकांच्या संदर्भात वाचतात. आजची बरीच मॉडेलं याच वाटेने जातात. तुकडे फार झाले तर काम आणि खर्च वाढतो, म्हणून मोठा फोटो आत घेताना आधी लहान केला जातो. मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, पण फोनने काढलेला चार हजार गुणिले तीन हजार पिक्सेलचा फोटो बहुतेक ठिकाणी लांब बाजूला दीड-दोन हजार पिक्सेलच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो.

खणाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं ठरतं. खणाची ओळख म्हणजे त्यावरची बारीक, ओळीने येणारी नक्षी. संपूर्ण पर्स एका फोटोत घेतली आणि तो फोटो लहान झाला की नक्षीचे ठिपके एकमेकांत मिसळतात, कधी कापडावर नसलेल्या लाटा दिसू लागतात. मॉडेलला मग नुसतं "बारीक नक्षीचं चमकदार कापड" दिसतं. गंमत अशी की गिऱ्हाइकाच्या फोनवरही नेमकं हेच होतं, कारण शोधाच्या यादीत तोच फोटो काडेपेटीएवढा झालेला असतो. त्यामुळे या बाबतीत मॉडेलची मर्यादा कामाची ठरते. कापडाचं विणकाम दाखवायचं असेल तर त्याचा जवळून काढलेला वेगळा फोटो द्यावा लागतो. मोठा फोटो आणखी मोठा करून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट फोटोतल्या अक्षरांची. 2021 मध्ये ओपनएआयच्याच संशोधकांनी आपल्या एका मॉडेलची फजिती प्रसिद्ध केली होती. हिरव्या सफरचंदावर त्यांनी "आयपॉड" असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, आणि मॉडेलने सफरचंदाला आयपॉड ठरवलं. आताची मॉडेलं इतकी भोळी नाहीत. तरी फोटोत अक्षरं असली की ती वाचायची आणि त्यावर भिस्त ठेवायची, ही सवय त्यांच्यात आहेच. पर्सला लटकवलेल्या टॅगवर "सिल्क" छापलेलं असेल तर मॉडेल कापडाकडे बघून रेशीम म्हणतंय की टॅग वाचून, हे सांगता येत नाही.

फोटो चढवण्याआधी

सुरुवात कागद-पेनाने करायची. मॉडेल उघडण्याआधी विक्रेत्याने, या फोटोतून अनोळखी माणसाला काय कळलंच पाहिजे, हे चार-पाच ओळींत लिहून ठेवायचं. आपल्या पर्ससाठी ते असं असेल: ही हातात धरायची छोटी पर्स आहे, खांद्याला अडकवायची बॅग नव्हे. कापड खणाचं आहे. आकार मोबाइल आणि थोडे पैसे मावतील एवढा. वर चेन आहे. रंग राणी, काठ हिरवा. हे आधी लिहिणं आवश्यक आहे, कारण मॉडेलचं उत्तर एकदा वाचलं की आपल्यालाही तेच म्हणायचं होतं असं वाटू लागतं.

मग फोटो निवडायचा. तो मूळ फोटो हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून मैत्रिणीला पाठवलेला आणि तिथून परत उतरवून घेतलेला फोटो दाबला गेलेला असतो, त्यात कापडाचा पोत आधीच निघून गेलेला असतो. आयफोनवर काढलेला फोटो `HEIC` प्रकारात असेल तर काही ठिकाणी तो चढतच नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Most Compatible` निवडलं की पुढचे फोटो `JPEG` होतात.

पहिल्या तपासणीच्या फोटोत टॅग, ब्रँडचं नाव, "सवलत" लिहिलेली पट्टी किंवा पाण्यासारखा पुसट छाप, काहीही अक्षर नको. अ‍ॅमेझॉनवर विकणाऱ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा सुमारे 85 टक्के भाग व्यापावा लागतो, आणि वस्तूवर नसलेली अक्षरं किंवा सोबत न विकल्या जाणाऱ्या वस्तू त्यात चालत नाहीत. मोठं करून बघण्याची सोय हवी असेल तर लांब बाजू निदान 1000 पिक्सेलची ठेवावी लागते.

फाइलच्या नावाकडे कुणाचं लक्ष जात नाही. `khan-purse-rani.jpg` असं नाव असेल तर काही ॲपांत ते नावही मॉडेलपर्यंत पोचतं, आणि परीक्षेआधीच उत्तर हातात दिल्यासारखं होतं. नाव `1.jpg` करावं. हे दहा सेकंदांचं काम आहे.

यानंतरची गोष्ट फोटोच्या गुणवत्तेशी नव्हे, घराच्या सुरक्षिततेशी संबंधित आहे. फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. घरातून धंदा करणाऱ्या बाईसाठी ते घराचं ठिकाण असतं. आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या `Options` मध्ये ठिकाण बंद करता येतं, आणि कोणत्याही फोनवर फोटोचा स्क्रीनशॉट घेतला की ही माहिती त्यात येत नाही. तपासणीसाठी स्क्रीनशॉटही चालतो, फक्त तो फोनच्या पडद्याइतकाच मोठा असतो हे लक्षात ठेवायचं. फोटोच्या कोपऱ्यात कुरिअरचं पाकीट, त्यावर कुणा गिऱ्हाइकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर, मागच्या सोफ्यावर बसलेलं मूल, पितळी ताटात उमटलेलं स्वतःचंच प्रतिबिंब, हे सगळं फोटो मोठा करून एकदा पाहावं. काही सेवा आपल्याशी झालेलं संभाषण आणि फोटो पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरतात, आणि ते बंद करण्याची सोय बहुधा सेटिंगमध्ये दिलेली असते. गिऱ्हाइकाने अभिप्रायासोबत पाठवलेला स्वतःचा फोटो मात्र त्याला विचारल्याशिवाय कुठेच चढवू नये.

काय विचारायचं

प्रत्येक फोटोसाठी नवं संभाषण उघडायचं. जुन्या संभाषणात वर कुठेतरी "माझा खणाच्या पर्सचा व्यवसाय आहे" असं लिहिलेलं असेल तर मॉडेल ते धरून बसतं. काही ॲपं आधीच्या संभाषणातल्या गोष्टीही लक्षात ठेवतात, त्यामुळे ती आठवण तेवढ्यापुरती बंद करणं किंवा तात्पुरतं संभाषण वापरणं बरं.

मग फोटो टाकून साधारण असं लिहायचं:

```
हा फोटो विक्रीच्या यादीत आहे. वस्तूबद्दल दुसरी माहिती नाही.
1. काय विकायला आहे?
2. ते कशाचं बनलं असावं?
3. साधारण किती मोठं आहे? हा अंदाज कशावरून?
4. किमतीत कोणकोणत्या वस्तू मिळतील असं वाटतं?
5. घेण्याआधी काय कळायला हवं, पण फोटोतून कळत नाही?
प्रत्यक्ष दिसलेलं आणि अंदाजाने सांगितलेलं वेगळं लिहा.
फोटोची स्तुती किंवा सुधारणा सांगू नका.
```

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात उपयोगी. अंदाज वेगळा काढायला सांगितला नाही तर मॉडेल "रेशमी कापड" आणि "हिरवा काठ" या दोन्ही गोष्टी एकाच ठाम सुरात सांगतं. खरं तर हिरवा काठ त्याला दिसलेला असतो आणि रेशीम त्याने चमक बघून ठरवलेलं असतं. सुधारणा सांगायला मनाई करण्याचं कारण वेगळं आहे. मॉडेलला एकदा सल्ला द्यायला लावलं की ते वर्णन आखडतं घेतं आणि उजेड, कोन, पार्श्वभूमी यांवरचे ठरावीक सल्ले देत सुटतं.

हेच प्रश्न तोच फोटो देऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या नव्या संभाषणातही विचारायचे. मॉडेल उत्तराचे शब्द निवडताना थोडं नशिबावर सोडतं, त्यामुळे दर खेपेचं उत्तर काहीसं वेगळं येतं. तिन्ही वेळा जे आलं ते फोटोतून आलेलं असण्याची शक्यता जास्त. एकदाच आलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

एक पर्स, तीन चुका

समजा, आपल्या राणी रंगाच्या पर्सचा फोटो असा काढलाय: पाटावर पर्स उभी ठेवली आहे, शेजारी छोटी समई आणि झेंडूची दोन फुलं. संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइट, बाजूला पिवळा दिवा. सणाच्या दिवसांत अशा फोटोंचा समाजमाध्यमांवर पाऊस पडतो. वरचे प्रश्न विचारल्यावर अशा फोटोला साधारण कसं उत्तर येईल, आणि त्याचं काय करायचं, ते पाहू.

मॉडेल म्हणेल की फोटोत भारतीय धाटणीची हँडबॅग आहे, ती रेशमी ब्रोकेडची असावी, आणि सोबत पितळी दिवा आहे. किमतीत दिवाही मिळत असेल, किंवा ही पूजेची अथवा भेटवस्तूंची जोडी असेल. रंग लालसर गुलाबी, बहुधा मरून. आत किती कप्पे आहेत, बंद कशी होते, हे कळत नाही.

आता कागदावरच्या ओळींशी हे ताडून बघायचं. आकार चुकला. हातातली पर्स मॉडेलला हँडबॅग वाटली. याचं कारण सरळ आहे: फोटोत प्रमाण कळेल असं काहीच नव्हतं. उलट छोटी समई शेजारी असल्याने, आणि समई मोठीही असू शकते म्हणून, पर्सही मोठी वाटली. एकाच फोटोतून लांबी-रुंदी मोजणं मॉडेलला जमत नाही, ते ओळखीच्या वस्तूंवरून अंदाज बांधतं, आणि गिऱ्हाईकही तसंच करतं. म्हणून दुसऱ्या फोटोत पर्स हातात धरलेली दाखवायची, किंवा चेन उघडून आत मोबाइल अर्धा सरकवलेला. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, तेही छोट्या बटव्यांसाठी चांगलं माप होतं. मुख्य फोटोत अशा वस्तू चालत नाहीत तिथे हा फोटो दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचा. मापं सेंटिमीटरमध्ये वर्णनात लिहायचीच, पण मापं वाचणारं गिऱ्हाईक विरळा. फोटोतला आकारच त्याच्या मनात बसतो.

समईची चूक जास्त महागात पडते. सजावटीला ठेवलेली वस्तू मॉडेलला विक्रीची वाटली, आणि एखाद्या गिऱ्हाइकालाही तसंच वाटू शकतं. मग पार्सल उघडल्यावर समई कुठे म्हणून तक्रार येते. चौथा प्रश्न यासाठीच आहे. सणाचा फोटो हवाच असेल तर तो मागे ढकलायचा, पहिल्या फोटोत एकटी पर्स.

रंगाचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं, आणि इथे मॉडेलवर फार विसंबू नये. बऱ्याच खणांत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे कापड हलवलं की रंग पालटतो. त्यात ट्यूबलाइटचा निळसर आणि दिव्याचा पिवळा उजेड एकत्र आले की फोनचा कॅमेरा पांढरं कशाला म्हणायचं याच गोंधळात पडतो, आणि राणीचा मरून होतो. मॉडेलने मरून म्हटलं याचा अर्थ फोटोतला रंग मरूनकडे झुकलाय एवढाच. प्रत्यक्ष कापडाचा रंग त्याने पाहिलेलाच नाही. उपाय कॅमेऱ्यापाशी आहे. दिवे बंद करून खिडकीच्या उजेडात, उन्हाची तिरीप न येऊ देता, पर्सशेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो काढायचा. फोटोत तो कागद पिवळा किंवा निळा दिसला तर उजेड चुकला. नंतर कागद काढून त्याच जागी खरा फोटो. फोनचे सुशोभित करणारे फिल्टर आणि रंग भडक करणारी सोय बंद ठेवायची, कारण राणी आणि गडद गुलाबी रंग त्यात आधी बिघडतात. रंग पालटणाऱ्या कापडाचे दोन कोनांतून दोन फोटो द्यावेत आणि ते पालटतं हे वर्णनात सांगावं.

उरलं कापड. मॉडेलने रेशमी ब्रोकेड म्हटलं, खण म्हटलं नाही. इथे नवशिका विक्रेता दोन चुका करू शकतो. पहिली म्हणजे मॉडेलचे शब्द छान वाटले म्हणून वर्णनात उचलणं. खण पारंपरिक सूत-रेशमाचाही असतो, सुतीही असतो, आणि बाजारात पॉलिस्टरचाही भरपूर मिळतो. यातलं नेमकं कोणतं, हे फोटोवरून माणसालाही ठामपणे सांगता येत नाही, मॉडेलला तर नाहीच. कापड दुकानातून घेताना विचारून लिहून ठेवलेली माहितीच वर्णनात जावी. भारतात 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला माल परत घेणं नाकारता येत नाही. रेशीम म्हणून विकलेली पॉलिस्टरची पर्स त्यात थेट बसते.

दुसरी चूक म्हणजे मॉडेलला खण ओळखता आला नाही म्हणून फोटोला दोष देणं. या मॉडेलांनी इंटरनेटवरचे जे अफाट फोटो पाहिलेत त्यात ब्रोकेड आणि इकत भरपूर आहेत, खण फार थोडा. तेव्हा चूक फोटोची की मॉडेलच्या अज्ञानाची हे वेगळं काढावं लागतं. त्याची एक सोपी युक्ती आहे. कापडाचा अगदी जवळून, स्वच्छ उजेडात काढलेला फोटो नव्या संभाषणात द्यायचा आणि फक्त नक्षीचं वर्णन मागायचं. नक्षी नीट सांगितली, काठ सांगितला, तरी नाव ब्रोकेडच म्हटलं, तर फोटो ठीक आहे. नाव त्याला माहीत नाही, बस. अशा वेळी "खण" हा शब्द शीर्षकात मराठीत आणि इंग्रजी लिपीत दोन्हीकडे लिहायचा. पण जवळच्या फोटोतही नक्षी धूसरच सांगितली तर मात्र कॅमेरा पुसून पुन्हा फोटो काढायला हवा. हीच युक्ती कोल्हापुरी चपलेला, हिमरूच्या शालीला, गोव्यातल्या कुणबी साडीला लागू पडते. मॉडेल कोल्हापुरीला "चामड्याची सँडल" म्हणालं तर त्यात फोटोचा दोष असतोच असं नाही.

छोटा फोटो आणि दोन फोटोंची तुलना

मोठा फोटो तपासून झाला की त्याचा लहान अवतारही तपासायचा, कारण गिऱ्हाईक आधी तोच बघतं. फोनच्या गॅलरीत फोटो बारीक चौकोनांत दिसतात, त्या जाळीचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यातून आपला चौकोन कापून काढायचा. तो देऊन एकच प्रश्न: ही वस्तू कोणती? उत्तर "गुलाबी कापड" असं आलं तर पर्स चौकटीत फार लहान आहे किंवा पार्श्वभूमीत मिसळली आहे. लाल पाटावर राणी पर्स ठेवली की नेमकं असंच होतं.

दोन फोटोंपैकी कोणता आधी लावायचा असं विचारायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉडेलं तुलना करताना क्रमाला भुलतात. आधी दाखवलेल्याकडे, किंवा काही वेळा शेवटच्याकडे, त्यांचा कल झुकतो. म्हणून तोच प्रश्न फोटोंचा क्रम उलटून नव्या संभाषणात पुन्हा विचारायचा. दोन्ही वेळा तोच फोटो जिंकला तर त्या मताला थोडा अर्थ आहे. निकाल क्रमाबरोबर फिरला तर ते मत सोडून द्यावं. तसंही "कोणता जास्त विकला जाईल" या प्रश्नाला मॉडेलकडे उत्तर नसतं, कारण त्याला ना त्या दुकानाची विक्री माहीत असते ना तिथली गिऱ्हाइकं.

पहिल्या नजरेत आवडणं ही माणसाची गोष्ट वेगळीच आहे. 2006 साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या गिट लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना संकेतस्थळांची पानं अवघे 50 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवली. एवढ्यात लोकांनी पान आकर्षक वाटतं की नाही हे ठरवलं, आणि ते मत जास्त वेळ बघितल्यावरच्या मताशी बरंचसं जुळलं. ही आवड वाचून किंवा विचार करून झालेली नव्हती. मॉडेल मात्र प्रत्येक फोटो तुकड्या-तुकड्यांनी पुरता वाचतं, त्याला क्षणभराची नजर नाही. त्यामुळे त्याच्याकडून "फोटो काय सांगतो" हे घ्यावं. "फोटो मनात भरतो का" हे शेजारच्या, पर्स न पाहिलेल्या माणसाला फोन दोन सेकंद दाखवून आणि लगेच मागे घेऊन विचारावं.

दुरुस्तीचा मोह

तपासणीनंतर बरेच जण तिथल्या तिथे एआयकडूनच फोटो दुरुस्त करून घेतात. पार्श्वभूमी पांढरी करण्यापुरतं ते ठीक आहे, पण अशी साधनं काही वेळा चित्र पुसून तयार करतात आणि तिथे स्वतःच्या मनाने भरतात. खणाची बारीक नक्षी भलतीच होते, गोंड्याचे धागे एकमेकांना चिकटतात, चेनचा पट्टा गायब होतो, शिलाई कधी नव्हे इतकी सरळ होते. दुरुस्त फोटो आणि खरी पर्स शेजारी धरून काठ, गोंडे, चेन आणि एक चौरस इंच नक्षी, एवढं तरी ताडून बघावं. एकही गोष्ट जुळली नाही तर तो फोटो वापरू नये. त्यातून परत येणारं पार्सल विक्रेत्यालाच भोगावं लागतं, आणि वर सांगितलेले नियम फोटोला सूट देत नाहीत.

हे सगळं झाल्यावर फोटो लावायचा आणि पुढचे काही आठवडे गिऱ्हाइकांचे निरोप जपून ठेवायचे. "साइज काय आहे?", "दिवा पण मिळेल का?", "आत अस्तर आहे का?" असे प्रश्न आले की ते मॉडेलच्या पाचव्या उत्तराशेजारी लिहायचे. मॉडेलने आधीच सांगितलेला आणि तरी दुर्लक्षित राहिलेला प्रश्न गिऱ्हाइकाकडूनही आला, तर त्याच्यासाठी आणखी एक फोटो जोडायचा. मॉडेलला न सुचलेला पण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा विचारतं असा प्रश्न निघाला, जसं "धुतल्यावर रंग जातो का?", तर तो पुढच्या पर्सच्या कागदावर आधीच लिहून ठेवायचा आणि त्याचं उत्तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत द्यायचं.